आठवड्याच्या पाच तासांत ब्लॉगचा महिना कसा बसवावा

भोगीच्या भाजीवरचा माझा पहिला लेख मी भोगीच्याच दिवशी दुपारी प्रसिद्ध केला. सकाळी भाजी केली, पाने वाढण्यापूर्वी घाईघाईने छायाचित्रे काढली, जेवणे झाल्यावर बसून मजकूर लिहिला, आणि लेख वाचकांसमोर आला तेव्हा सोलापुरातल्या बहुतेक घरांमधली भाजी खाऊन संपली होती. लेखातली कृती बरोबर होती, प्रमाणे बरोबर होती, तरीही त्या वर्षी तो फारसा कोणी वाचला नाही. त्याचे खरे वाचक पुढच्या जानेवारीत आले. कोणता लेख कधी लिहायचा आणि कधी प्रसिद्ध करायचा हे ठरवणारे संपादकीय कॅलेंडर कशासाठी लागते, हे मला त्या एका लेखाने समजावले.

मी एका कापड पेढीत हिशेबाचे काम करते आणि आमच्या भागातल्या घरगुती स्वयंपाकावर ब्लॉग लिहिते. स्वयंपाक, छायाचित्रे, लेखन, मुद्रितशोधन आणि प्रसिद्धी ही सर्व कामे एकटीच करते. माझ्यासारखेच नोकरी किंवा घर सांभाळून एकट्याने लिहिणाऱ्या नवोदितांसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून मी जानेवारी २०२६ हा एकच महिना घेतला आहे, कारण संक्रांत, सोलापूरच्या सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि पेढीतले जीएसटीचे काम हे सर्व त्या महिन्यात एकमेकांवर येते, आणि अशा महिन्यात टिकणारी मांडणी इतर महिन्यांत सहज टिकते.

आधी तास मोजावेत

नवोदित ब्लॉगलेखक कॅलेंडर करायला बसला की पहिल्यांदा विषयांची यादी करतो, आणि आठवड्याला दोन लेख या हिशेबाने आठ चौकोन भरून टाकतो. यात अडचण अशी की, चौकोन भरताना एका लेखाला किती वेळ लागतो हे त्याने कधी मोजलेलेच नसते. त्यामुळे कॅलेंडर करण्यापूर्वी निदान दोन लेख घड्याळ लावून लिहावेत. प्रत्येक वेळी कामाला बसताना आणि उठताना वहीत वेळ टिपावी, आणि काम कोणते होते तेही लिहावे. साहित्य आणणे, पदार्थ करून छायाचित्रे काढणे, पहिला खर्डा, दुरुस्ती, छायाचित्रांची निवड, मथळा देऊन लेख चढवणे अशी कामे वेगवेगळी नोंदवावीत. एकत्र मोजल्यास वेळ नेमका कुठे जातो ते दिसत नाही.

माझ्या नोंदींतून असे दिसले की, कृतीच्या एका पूर्ण लेखाला मला सुमारे पाच तास लागतात. त्यातले अडीच तास साहित्याची जुळवाजुळव, प्रत्यक्ष पदार्थ आणि छायाचित्रे यांत जातात, दीड तास खर्ड्यात आणि एक तास दुरुस्ती व प्रसिद्धीत जातो. नव्या छायाचित्रांची फारशी गरज नसलेला, एकाच शंकेचे उत्तर देणारा छोटा लेख अडीच तासांत होतो. जुना लेख तपासून, चुकीची प्रमाणे दुरुस्त करून, एखादे छायाचित्र बदलून पुन्हा वर आणायला दीड तास पुरतो. तुमचे आकडे निराळे येतील. स्थानिक इतिहासावर लिहिणाऱ्याचे तर पूर्ण निराळे येतील: सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, या एका वाक्याभोवती लेख रचायचा असेल तर लिहिण्याला लागेल त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ वाचण्याला आणि पडताळण्याला लागेल, आणि तो वेळ कॅलेंडरमध्ये दिसलाच पाहिजे.

महिन्यातून काय वजा करायचे

लेखाचे तास कळले की हाताशी किती तास आहेत ते पाहावे. माझा ठरलेला वेळ म्हणजे मंगळवारी आणि गुरुवारी रात्री सव्वानऊ ते सव्वादहा, आणि रविवारी सकाळी तीन तास. जानेवारी २०२६ मध्ये चार मंगळवार, पाच गुरुवार आणि चार रविवार होते, म्हणजे कागदावर एकवीस तास झाले.

आता या एकवीस तासांतून जे मिळणारच नाहीत ते आधीच वजा करावेत. पेढीत जीएसटीआर-१ हे विवरणपत्र ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरायचे असते, त्यामुळे ८, ११ आणि २० या तिन्ही तारखा मी खोडल्या. १३ तारखेला भोगी होती, आणि १५ तारखेला यात्रेसाठी आलेले पाहुणे घरात असणार होते. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात, तेव्हा बाहेरगावच्या लेकी-सुना माहेरी-सासरी येतात, आणि अशा रात्री संगणक उघडून बसणे शक्यही नसते आणि शोभतही नाही. या पाच दिवसांचे सात तास वजा केल्यावर चौदा उरले.

हे चौदा तास पूर्ण भरू नयेत. घरात कोणी आजारी पडते, वीज जाते, भाकरी तव्यावर मोडते आणि छायाचित्र पुन्हा काढावे लागते. मी एकूण तासांपैकी साधारण पाव भाग मोकळा ठेवते. या हिशेबाने कामाला साडेदहा तास मिळाले. त्यातला एक तास पुढच्या महिन्याच्या मांडणीसाठी लागतो, म्हणून लेखांसाठी साडेनऊ राहिले. पाच, अडीच आणि दीड मिळून नऊ तास होतात. याचा सरळ अर्थ असा की, जानेवारीत माझ्याकडून एक मोठा लेख, एक छोटा लेख आणि एका जुन्या लेखाची दुरुस्ती एवढेच होणार होते. आठवड्याला दोन लेखांच्या स्वप्नापुढे हा आकडा लहान वाटतो, हे मी जाणते. पण तो पाळता येतो, आणि वाचकाला सांगितलेल्या दिवशी लेख मिळतो.

विषयांचे तीन प्रकार

विषयांची यादी आता काढावी, आणि प्रत्येक विषयासमोर त्याचा प्रकार लिहावा. माझ्या मते एकट्या लेखकाला तीनच प्रकार पुरतात.

पहिला प्रकार तारखेला बांधलेल्या विषयांचा. भोगीची भाजी, महाशिवरात्रीचा उपवास, नागपंचमीची दिंडे हे विषय त्या दिवसापूर्वीच उपयोगी पडतात. लेख प्रसिद्ध केला म्हणजे तो लगेच शोधात सापडतो असे नाही. नव्या पानाची दखल घेतली जाण्यास काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात, असे गूगल स्वतःच सांगते. त्यातच वाचक सामान आणण्यासाठी दोन-चार दिवस आधी कृती शोधतो. म्हणून मी सणाच्या दिवसापूर्वी एकवीस दिवस ही प्रसिद्धीची तारीख धरते. तेवढे शक्य नसेल तर चौदा दिवस धरावेत. त्याहून उशीर होत असेल तर तो लेख त्या वर्षी न लिहिता पुढच्या वर्षासाठी ठेवणे शहाणपणाचे ठरते.

दुसरा प्रकार हंगामाला बांधलेल्या विषयांचा, आणि नवोदितांची सर्वांत मोठी गफलत इथेच होते. हुरडा ज्वारीच्या कणसात दाणे कोवळे आणि दुधाळ असतानाच मिळतो. आमच्याकडे तो डिसेंबर-जानेवारीत खायला मिळतो आणि दाणा पक्का झाला की संपतो. म्हणजे हुरड्याची छायाचित्रे हुरड्याच्या हंगामातच काढता येतात, पण ती काढून, लिहून, लेख सापडण्याजोगा होईपर्यंत तो हंगाम सरत आलेला असतो. यावर एकच उपाय आहे: या हंगामात छायाचित्रे काढून ठेवायची आणि लेख पुढच्या हंगामाच्या तोंडावर, नोव्हेंबरच्या शेवटी, प्रसिद्ध करायचा. छायाचित्र काढण्याचा महिना आणि प्रसिद्धीचा महिना यांच्यात दहा महिन्यांचे अंतर पडले तरी वाचकाला काही फरक पडत नाही. कॅलेंडरमध्ये मात्र ही दोन्ही कामे दोन वेगळ्या महिन्यांत लिहिलेली असली पाहिजेत.

तिसरा प्रकार बारमाही विषयांचा. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, येसर यांना तारीख नसते. हे लेख कॅलेंडरमधले लवचीक तुकडे आहेत. काही बिघडले तर यांनाच पुढे ढकलायचे असते. म्हणून महिन्यातले सर्व लेख पहिल्या प्रकारातले असू नयेत. श्रावणात हा मोह फार होतो, कारण प्रत्येक वाराला काहीतरी असते, पण चारही लेख तारखेला बांधले की एक दिवस घसरल्यावर कशालाच हात लावता येत नाही.

विषय कुठून आणायचे याची काळजी फारशी करावी लागत नाही. ब्लॉग गूगलच्या सर्च कन्सोल या साधनाला जोडलेला असेल तर वाचक कोणते शब्द शोधून तुमच्यापर्यंत आले ते तिथे दिसते, आणि ही माहिती सोळा महिने मागेपर्यंत पाहता येते. त्यामुळे गेल्या डिसेंबर-जानेवारीत लोकांनी काय शोधले हे या डिसेंबरात पाहून ठरवता येते. नव्या ब्लॉगला ही सोय नसते; त्याने शेजाऱ्यांनी, बहिणींनी, कार्यालयातल्या मैत्रिणींनी विचारलेल्या शंका वहीत लिहून ठेवाव्यात. ‘तुझी भाकरी कडक होते, पण माझी वातड का होते?’ हा प्रश्न मला दोघींनी विचारला, तेव्हाच कडक भाकरीचा छोटा लेख ठरला.

तक्ता

यासाठी विकतचे साधन लागत नाही. गूगल शीट्समधले एक पान पुरते, आणि ज्यांना वही आवडते त्यांनी आडव्या पानावर रकाने आखले तरी चालते. माझ्या शीटमध्ये विषय, प्रकार, सणाची तारीख, प्रसिद्धीची तारीख, मजकूर तयार होण्याची तारीख, छायाचित्रांची तारीख, अंदाजे तास आणि प्रत्यक्ष लागलेले तास असे आठ रकाने आहेत. याहून अधिक रकाने केले की ते भरण्यातच संध्याकाळ जाते.

तारखा उलट मोजाव्यात, म्हणजे सणापासून मागे यावे. सणाची तारीख C2 या चौकटीत असेल, तर D2, E2 आणि F2 या चौकटींमध्ये अनुक्रमे पुढील सूत्रे लिहावीत:

```
=C2-21
=D2-3
=D2-21
```

पहिल्या सूत्राने प्रसिद्धीची तारीख मिळते, दुसऱ्याने मजकूर आणि निवडलेली छायाचित्रे तयार असण्याची, आणि तिसऱ्याने पदार्थ करून छायाचित्रे काढण्याची. २०२६ ची महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला होती. तिथून मागे मोजल्यास प्रसिद्धी २५ जानेवारीला, मजकूर २२ जानेवारीला आणि छायाचित्रे ४ जानेवारीला येतात. म्हणजे फेब्रुवारीतल्या उपवासाची भगर मला संक्रांतीच्याही आधी, नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी शिजवायची होती. सूत्राने ही तारीख डोळ्यांसमोर आणली नसती तर मला ती फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आठवली असती.

शीटमध्ये तारखा टाकताना एक गोष्ट आधी तपासावी. शीटचा प्रदेश अमेरिकेचा निवडलेला असेल, तर तुम्ही 06/01/2026 असे लिहिल्यावर ती ६ जानेवारी न समजता १ जून समजली जाते, आणि 15/02/2026 ही तर तारीख म्हणून ओळखलीच जात नाही. ओळखली न गेलेली तारीख चौकटीत डावीकडे चिकटून राहते आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सूत्रात #VALUE! दिसते; चुकीची ओळखली गेलेली तारीख मात्र उजवीकडे व्यवस्थित बसते, म्हणून ती अधिक फसवी असते. File आणि त्यातील Settings उघडून Locale या ठिकाणी India निवडले की हा प्रश्न मिटतो, पण आधी टाकलेल्या तारखा पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालाव्यात.

जानेवारीची प्रत्यक्ष मांडणी

भोगीच्या भाजीचा लेख जानेवारीच्या हिशेबात नव्हता, कारण वरच्या नियमाने तो २३ डिसेंबरलाच प्रसिद्ध व्हायला हवा होता आणि त्याचे तास डिसेंबरने दिले होते. जानेवारीत तीन गोष्टी होत्या. तिळाच्या वड्यांचा आदल्या वर्षीचा लेख दुरुस्त करून ६ तारखेला पुन्हा वर आणायचा होता. इथे एकवीस दिवसांचा नियम मी लावला नाही, कारण त्या पानाचा पत्ता जुनाच होता आणि शोधात ते आधीपासून येत होते. कडक भाकरीचा छोटा लेख २० तारखेला, आणि भगरीची भाकरी व शेंगदाण्याची आमटी हा मोठा लेख २५ तारखेला ठरला.

१ तारखेच्या गुरुवारी मी तिळाच्या वड्यांचा मजकूर तपासला. त्यात गुळाचे प्रमाण वाटीने दिलेले होते आणि एका वाचक भगिनीने वड्या मऊ राहिल्याचे कळवले होते, म्हणून प्रमाण ग्रॅममध्ये दिले आणि पाकाची गोळी पाण्यात टाकून पाहण्याची खूण लिहिली. ४ तारखेच्या रविवारी सकाळी भगर केली. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, आणि हिवाळ्यात साधारण आठ ते दहा या वेळात ओट्यावर तिरपा, मऊ उजेड येतो. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेली शेंगदाण्याच्या आमटीची छायाचित्रे हिरवट-पिवळी येतात आणि ती कितीही सुधारली तरी आमटी शिळी दिसते. त्यामुळे छायाचित्रांचे काम रविवार सकाळखेरीज कुठेही लिहायचे नाही, हा माझ्या कॅलेंडरमधला न मोडण्याचा नियम आहे. रात्रीचे तास लिहिण्याचे, सकाळचे तास कॅमेऱ्याचे. नवोदितांनी आपल्या घरातला उजेड पाहून अशी विभागणी आधी करावी, नाहीतर मंगळवारी रात्री छायाचित्रे लिहून ठेवली जातात आणि तो तास वाया जातो.

त्या रविवारी पदार्थ, मोजमापांची टिपणे आणि छायाचित्रे यांत अडीच तास गेले. टिपणे त्याच वेळी करावीत. पिठाला पाणी किती लागले हे दोन आठवड्यांनी आठवत नाही, आणि मग तोच पदार्थ पुन्हा करावा लागतो. उरलेल्या अर्ध्या तासात वड्यांचा लेख ६ तारखेसाठी शेड्यूल केला. ६ तारखेच्या रात्री कडक भाकरीच्या लेखाचा खर्डा तासभर लिहिला. त्यानंतर ८ ते १५ या काळात कॅलेंडर मुद्दाम कोरे होते.

१८ तारखेच्या रविवारी तीन तास होते आणि दोन लेख अर्धवट होते. इथे क्रम महत्त्वाचा आहे. कडक भाकरीची प्रसिद्धी २० तारखेला, म्हणजे आधी होती, तरीही मी त्या दिवशी आधी भगरीच्या लेखाचा खर्डा दीड तासात पूर्ण केला आणि मग भाकरीकडे वळले. कारण भगरीचा लेख तारखेला बांधलेला होता आणि भाकरीचा बारमाही होता; रविवारी मधेच उठावे लागले असते तर भाकरी २७ तारखेला गेली असती आणि कोणाचे काही अडले नसते. कोणता लेख आधी प्रसिद्ध होणार यावर कामाचा क्रम ठरवण्यापेक्षा कोणता लेख ढकलता येत नाही यावर तो ठरवावा, ही सवय लावायला मला बराच काळ लागला.

२२ तारखेच्या गुरुवारी भगरीची छायाचित्रे निवडून, मथळा देऊन लेख चढवला. २५ तारखेला तो प्रसिद्ध झाला तेव्हा माझ्या हातात रविवारचे तीन तास होते. त्यातला एक तास फेब्रुवारीच्या मांडणीला दिला, आणि उरलेले दोन तास राखीव होते म्हणून एका मैत्रिणीच्या शेतावर जाऊन हुरडा भाजतानाची छायाचित्रे काढली. गोवऱ्यांच्या आरात खोचलेली कणसे, तळहातावर चोळून मोकळे केलेले हिरवे दाणे, शेजारी शेंगदाण्याची चटणी. ती छायाचित्रे वर्ष आणि विषय लिहिलेल्या फोल्डरमध्ये ठेवली आणि लगेच नोव्हेंबर २०२६ च्या पानावर त्यांची नोंद केली. नोंद केली नाही तर छायाचित्रे असूनही नसल्यासारखी होतात.

शेड्यूल केलेला लेख वेळेवर का येत नाही

२० तारखेला मी पेढीत असताना कडक भाकरीचा लेख आपोआप प्रसिद्ध झाला, पण अशी सोय पहिल्यांदा वापरली तेव्हा सकाळी सहाचा लेख साडेअकराला आला होता. माझ्या वर्डप्रेस ब्लॉगची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर राहिली होती, आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. Settings, General आणि त्यातील Timezone येथे Kolkata निवडावे. तुमचे सर्व शेड्यूल केलेले लेख नेमके साडेपाच तास उशिरा येत असतील तर कारण हेच आहे.

दुसरी अडचण वेगळ्या प्रकारची आहे. वर्डप्रेस शेड्यूल केलेली कामे सर्वसाधारणपणे कोणी ब्लॉगला भेट दिली तेव्हाच तपासतो. ज्या ब्लॉगवर पहाटे कोणीच येत नाही, तिथे सहाचा लेख पहिला वाचक येईपर्यंत अडकून राहू शकतो, आणि कधीकधी लेखांच्या यादीत त्याच्यापुढे Missed schedule असे दिसते. नव्या ब्लॉगने म्हणून वाचक येण्याची वेळ, उदाहरणार्थ सकाळी नऊ, निवडावी आणि त्या दिवशी एकदा स्वतः ब्लॉग उघडून पाहावा.

मांडणी चुकते आहे हे कसे ओळखावे

शेवटच्या दोन रकान्यांकडे, म्हणजे अंदाजे आणि प्रत्यक्ष तासांकडे, महिन्याच्या अखेरीस पाहावे. भगरीच्या लेखासाठी पाच तास धरले होते आणि साडेपाच लागले. एवढा फरक राखीव वेळेत जिरतो. मात्र सलग दोन महिने प्रत्यक्ष तास अंदाजाच्या सव्वापट किंवा त्याहून अधिक येत असतील, तर अंदाज बदलावा आणि लेखांची संख्या कमी करावी. झोपेतून वेळ काढून ती संख्या टिकवण्याचा प्रयत्न मी एका श्रावणात केला. भाद्रपदात ब्लॉगवर एकही लेख आला नाही.

दुसरी खूण अर्धवट खर्ड्यांची आहे. तीनपेक्षा अधिक खर्डे अपुरे राहिले असतील तर पुढच्या महिन्यात एकही नवा विषय सुरू करू नये आणि आधी त्यांपैकी दोन पूर्ण करावेत. अपुरा खर्डा जितका जुना होतो तितका तो पूर्ण करायला अधिक वेळ घेतो, कारण आपण काय लिहिणार होतो हेच पुन्हा शोधावे लागते. मी प्रत्येक बैठकीच्या शेवटी खर्ड्याच्या तळाशी पुढे काय करायचे याची एक ओळ लिहून ठेवते, उदाहरणार्थ ‘पीठ भिजवताना पाणी कोमट की गरम ते टिपणातून पाहणे’. मंगळवारचा तुटपुंजा तास त्या ओळीमुळे पहिल्या मिनिटापासून कामी येतो.

लेख ठरल्या दिवशी होणारच नाही असे दिसल्यावर काय करायचे, हेही आधी ठरवून ठेवावे. बारमाही लेख असेल तर पुढच्या मोकळ्या मंगळवारी जातो. हंगामाचा लेख असेल तर आत्ता फक्त छायाचित्रे वाचवायची आणि मजकूर नंतर लिहायचा. तारखेचा लेख असेल आणि चौदा दिवसांची मर्यादाही उलटून गेली असेल, तर त्याच विषयावरचा जुना लेख दुरुस्त करून वर आणायचा, कारण त्याला दीड तास पुरतो. ब्लॉगच्या पहिल्या वर्षी जुना लेख हाताशी नसतो. अशा वेळी ती जागा रिकामी जाऊ द्यावी आणि नव्या लेखाची प्रसिद्धी पुढच्या वर्षीच्या तारखेखाली लिहून ठेवावी.

महिन्याच्या शेवटच्या रविवारचा एक तास पुढच्या मांडणीसाठी लागतो, तो याच क्रमाने वापरावा: आधी खोडायच्या तारखा, मग उरलेले तास, मग पुढील दोन महिन्यांतल्या सणांच्या उलट मोजलेल्या तारखा, आणि जागा उरली तरच बारमाही विषय. २५ जानेवारीला मी हे केले तेव्हा होळीच्या पुरणपोळीची प्रसिद्धी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येत होती. छायाचित्रांची तारीख मात्र केव्हाच उलटून गेली होती, आणि नव्या लेखासाठी फेब्रुवारीत पाच तासही दिसत नव्हते. म्हणून पुरणपोळीचा जुना लेख दुरुस्तीला घेतला आणि कटाच्या आमटीचा नवा लेख पुढच्या वर्षाच्या पानावर लिहून ठेवला.